वर्गात इनहेलर किंवा इन्सुलिन जवळ ठेवू देण्याबाबत शाळेला पत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह असल्याचे निदान होऊन सहा वर्षे झाली. या काळात मी दर वर्षी तिच्या शाळेला पत्र लिहिले आणि दमा किंवा मधुमेह असलेल्या इतर मुलांच्या पालकांची पत्रेही वाचून दुरुस्त करून दिली. त्या पालकांकडून पुन्हा पुन्हा आलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. औषधाचे प्रमाण प्रत्येक मुलासाठी वेगळे असते आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे असते. येथील आकडे केवळ पत्राची मांडणी समजावी म्हणून दिले आहेत.

वर्गशिक्षकांना सर्व माहीत आहे. तरीही लेखी पत्र कशाला?

मुलाला औषध लागेल त्या क्षणी वर्गात वर्गशिक्षकच असतील, याची खात्री देता येत नाही. त्या तासाला बदली शिक्षक असू शकतात, मूल मैदानावर असू शकते किंवा परीक्षेत अनोळखी पर्यवेक्षकासमोर बसलेले असू शकते. तोंडी परवानगी दोन माणसांपुरती असते. तिसऱ्या माणसाला मुलाच्या हातात सुई किंवा इनहेलर दिसला, तर तो काढून घेणे हेच आपले कर्तव्य आहे असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून पत्र मुख्याध्यापकांच्या नावे असावे, त्याची प्रत वर्गशिक्षकांना आणि क्रीडाशिक्षकांना द्यावी, आणि आपल्या प्रतीवर कार्यालयाची पोच दिनांकासह घ्यावी.

पत्रात नेमके काय मागायचे?

बहुतेक पत्रांत ‘औषध शाळेत ठेवण्याची परवानगी द्यावी’ एवढेच लिहिलेले असते. माझ्या पहिल्या पत्रातही तेच वाक्य होते. शाळेने ते आनंदाने मान्य केले आणि मुलीचे इन्सुलिनचे पेन, ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजच्या गोळ्या कार्यालयाच्या कपाटात नीट ठेवून दिल्या. एके दिवशी तिची साखर उतरली तेव्हा कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असे ते कर्मचारी कामासाठी बाहेर गेले होते. एका शिक्षिकेने स्वतःच्या चहासाठी ठेवलेली साखर पाण्यात विरघळवून तिला पाजली, म्हणून निभावले. शाळेने माझ्या पत्रातला शब्द न् शब्द पाळला होता. चूक माझ्या वाक्यात होती.

तेव्हापासून मी तीन गोष्टी वेगवेगळ्या मागते. पहिली, औषध आणि उपकरणे मुलाच्या स्वतःच्या दप्तरात किंवा कमरेच्या पाकिटात, हाताशी ठेवण्याची परवानगी. दुसरी, गरज भासताच कोणाची अनुमती न घेता ती वापरण्याची परवानगी. तिसरी, ती बसल्या जागी वापरण्याची परवानगी, म्हणजे त्यासाठी वर्गाबाहेर किंवा स्वच्छतागृहात जावे लागू नये. यातील दुसरी मागणी लिहायला पालक सर्वांत जास्त संकोचतात, कारण ती उद्धट वाटेल अशी त्यांना भीती असते. परंतु दम लागलेल्या मुलाला हात वर करून वाट पाहायला लावणारी परवानगी ऐन वेळी उपयोगाची नसते. ‘वापरल्यानंतर शिक्षकांना कळवावे, अशी सूचना आम्ही मुलाला दिली आहे’ हे वाक्य जोडले की शाळेचीही काळजी मिटते.

औषध कार्यालयात सुरक्षित राहील, असे शाळा म्हणते. त्यात काय अडचण आहे?

अडचण वेळेची आहे, आणि ती प्रत्येक वस्तूच्या बाबतीत वेगळी आहे. पत्रात हे वेगळेपण दोन-दोन वाक्यांत सांगितले, तर मागणी हट्टाची वाटत नाही.

दम्याच्या झटक्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. साल्ब्युटामॉलसारखे तात्काळ आराम देणारे औषध काही मिनिटांत ते सैल करू लागते. मात्र जितका उशीर होईल तितकी आतली सूज आणि चिकट स्राव वाढत जातात, आणि मग तेच पफ पुरेसे पडत नाहीत. शिवाय धाप लागलेल्या मुलाने जिने उतरून कार्यालयापर्यंत चालत जायचे म्हणजे त्याच वेळी श्वासाची गरज वाढवायची.

मधुमेहात तातडीची वस्तू इन्सुलिन नसून ग्लुकोज असते, ही गोष्ट अनेक शिक्षकांना माहीत नसते. रक्तातील साखर ७० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की तिला कमी साखर समजून लगेच उपचार करायचे असतात. मेंदूला साखर कमी पडल्यामुळे मूल गोंधळते, चिडते, प्रश्न विचारला तर भलतेच उत्तर देते, आणि क्वचित ‘मला काही नको’ असे म्हणून गोळी नाकारते. अशा अवस्थेत त्याने एकट्याने चालत जाऊन कपाट उघडून घ्यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. ग्लुकोज त्याच्या बाकावर हवे.

इन्सुलिनची अडचण मधल्या सुट्टीची आहे. जेवणासाठी घेतले जाणारे जलद इन्सुलिन साधारण १० ते २० मिनिटांत काम सुरू करते, म्हणून ते बहुधा जेवणाच्या थोडे आधी घ्यायचे असते. सुट्टी अर्ध्या तासाची असेल आणि पेन कार्यालयातून आणावे लागत असेल, तर दोनपैकी एक गोष्ट घडते. मूल आधी खाते आणि इन्सुलिन नंतर घेते किंवा विसरते. मग दुपारच्या तासांना साखर चढलेली असते, तहान लागते, सारखे लघवीला जावे लागते आणि लक्ष लागत नाही. किंवा मूल इन्सुलिन घेते आणि डबा संपण्याआधी घंटा होते. हा दुसरा प्रकार अधिक धोकादायक आहे, कारण टोचलेले इन्सुलिन परत घेता येत नाही आणि साखर उतरत राहते.

शाळेला कपाटात काही ठेवायचेच असेल, तर त्याला विरोध करू नये. उलट दुसरा संच कार्यालयात ठेवण्याची तयारी स्वतःहून लिहावी. दप्तर घरी विसरले, इनहेलर संपला किंवा पेन बिघडले, तर तो संच उपयोगी पडतो. मात्र तो मुलाजवळच्या संचाला जोड म्हणून असावा. त्याच्या जागी नसावा.

इन्सुलिनचे युनिट किंवा पफची संख्या पत्रात लिहावी का?

लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. पत्र वर्षभर चालते आणि औषधाचे प्रमाण काही आठवड्यांत बदलू शकते. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

अकरा वर्षांची, ३४ किलो वजनाची मुलगी आहे. डॉक्टरांनी तिला दर १५ ग्रॅम कर्बोदकांसाठी १ युनिट असे प्रमाण दिले आहे. जेवणाआधीची साखर १२० असावी असे उद्दिष्ट आहे आणि १ युनिटने तिची साखर सुमारे ६० ने उतरते. आजच्या डब्यात ४५ ग्रॅम कर्बोदके आहेत, म्हणून जेवणासाठी ३ युनिट झाले. सुट्टीत तपासलेली साखर २१० आली, म्हणजे उद्दिष्टापेक्षा ९० ने जास्त. त्यासाठी दीड युनिट. एकूण साडेचार युनिट. म्हणूनच तिला अर्ध्या युनिटच्या टप्प्याने फिरणारे पेन दिलेले आहे. हेच मीटरवर ६५ दिसले असते, तर हिशेब बाजूला ठेवून आधी ग्लुकोज घ्यायचे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, साखर ७० च्या वर आली की मगच जेवण आणि डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे त्याचे इन्सुलिन.

तीन महिन्यांनी मुलगी वाढली आणि डॉक्टरांनी प्रमाण १५ ऐवजी १२ ग्रॅमला १ युनिट असे केले, असे समजा. पत्रात जुना आकडा असेल, तर दक्ष शिक्षक पत्र वाचून म्हणतील की ही जास्त इन्सुलिन घेत आहे, आणि तिला थांबवतील. त्यांचा हेतू चांगला असेल, तरी मुलीचे नुकसान होईल. म्हणून पत्रात ‘डॉक्टरांच्या चालू तक्त्यानुसार’ एवढेच लिहावे आणि डॉक्टरांच्या सहीचा, दिनांक असलेला एक पानी तक्ता सोबत जोडावा. प्रमाण बदलले की फक्त ते पान बदलायचे. पत्र आणि परवानगी तशीच राहते.

पत्राचा नमुना मिळेल का?

खालील नमुना इन्सुलिन घेणाऱ्या मुलीसाठी आहे. रिकाम्या जागा भरून आणि आपल्या मुलाला लागू नसलेली वाक्ये काढून तो वापरावा. तो एका पानापेक्षा लांबू देऊ नये, कारण दोन पानी पत्राचे दुसरे पान सहसा फाइलमध्येच राहते.

दिनांक : ______

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
______ शाळा

विषय : माझ्या मुलीला शालेय वेळेत इन्सुलिन, ग्लुकोमीटर व ग्लुकोज जवळ ठेवण्याची आणि वर्गात वापरण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

माझी मुलगी कु. ______ आपल्या शाळेत इयत्ता ______, तुकडी ______ मध्ये शिकत आहे. तिला टाइप १ मधुमेह आहे. तिचे शरीर इन्सुलिन तयार करत नाही, त्यामुळे प्रत्येक जेवणाच्या वेळी बाहेरून इन्सुलिन घेणे तिला आवश्यक आहे. हा आजार संसर्गजन्य नाही.

आपणास विनंती आहे की, शाळेच्या संपूर्ण वेळेत, तसेच परीक्षा, मैदान आणि सहलीच्या वेळीही, पुढील वस्तू तिला स्वतःजवळ ठेवू द्याव्यात : इन्सुलिनचे पेन आणि सुया, ग्लुकोमीटर, ग्लुकोजच्या गोळ्या, थोडे खाणे आणि पाण्याची बाटली. साखर तपासणे, ग्लुकोज घेणे आणि डॉक्टरांच्या चालू तक्त्यानुसार इन्सुलिन घेणे ही कामे तिला बसल्या जागी, पूर्वपरवानगी न घेता करू द्यावीत. असे केल्यावर शिक्षकांना कळवण्याची सूचना आम्ही तिला दिली आहे. पाणी पिण्यास आणि स्वच्छतागृहात जाण्यास तिला अडवू नये, ही विनंती.

तिला थरथर, घाम, अचानक भूक, चिडचिड किंवा गोंधळ जाणवल्यास तिची साखर कमी झाली असल्याची शक्यता आहे. अशा वेळी तिला वर्गाबाहेर एकटीला पाठवू नये. तिने लगेच ग्लुकोज घ्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. मीटर जवळ नसल्यास तपासणीसाठी न थांबता ग्लुकोज द्यावे. ती बेशुद्ध असल्यास किंवा तिला गिळता येत नसल्यास तोंडात काहीही घालू नये, तिला कुशीवर वळवावे आणि रुग्णवाहिका बोलावून आम्हाला कळवावे.

ती ही कामे स्वतः योग्य रीतीने करू शकते, असे तिच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि दिनांकित तक्ता सोबत जोडला आहे. साहित्याचा पुरवठा, त्याची मुदत तपासणे आणि वापरलेल्या सुया बंद डब्यातून घरी परत आणणे ही जबाबदारी आमची आहे. साहित्याचा दुसरा संच आम्ही कार्यालयात ठेवण्यास देत आहोत. शिक्षकांना माहिती देण्यासाठी आपण सांगाल त्या वेळी आम्ही शाळेत येऊ.

कृपया या विनंतीस लेखी मान्यता द्यावी आणि तिला शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांना तसे कळवावे.

आपली विश्वासू,
(सही)
पालकाचे नाव : ______
दूरध्वनी : ______ आणि दुसरा दूरध्वनी : ______

सोबत : १) डॉक्टरांचे प्रमाणपत्र २) दिनांकित उपचार-तक्ता

इनहेलरसाठी यातील कोणता मजकूर बदलावा?

साहित्याच्या यादीत इनहेलर आणि स्पेसर लिहावे. मुलाचे दोन इनहेलर असतील, तर शाळेत कोणता येणार आहे हे स्पष्ट करावे. सकाळ-संध्याकाळ घ्यायचा प्रतिबंधक इनहेलर सहसा घरीच घेतला जातो. शाळेत लागतो तो झटक्यात आराम देणारा. काही मुलांना डॉक्टर दोन्ही कामांसाठी एकच इनहेलर देतात, म्हणून रंगावरून ओळख सांगण्यापेक्षा औषधाचे नाव लिहिणे बरे. खेळामुळे दम लागत असेल, तर ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार मैदानावर जाण्याच्या १० ते १५ मिनिटे आधी इनहेलर घेण्यास मुभा द्यावी’ हे वाक्य जोडावे. ते नसेल तर मूल तासाच्या मधोमध इनहेलर का घेते आहे, असा प्रश्न उपस्थित होतो.

लक्षणांचा परिच्छेद मात्र पूर्ण बदलावा लागतो. सततचा खोकला, छातीत घरघर, छाती आवळल्यासारखी वाटणे या लक्षणांवर मुलाने इनहेलर घ्यावा, सरळ बसावे आणि त्याला झोपवू नये, असे लिहावे. पफ एका वेळी एकच घ्यायचा असतो आणि प्रत्येक पफपूर्वी इनहेलर हलवायचा असतो. किती पफ, किती अंतराने, हे तक्त्यात असेल. यानंतर धोक्याच्या खुणा स्वतंत्र ओळीत द्याव्यात : एक वाक्यही सलग बोलता न येणे, श्वास घेताना बरगड्यांमधली किंवा गळ्याजवळची त्वचा आत ओढली जाणे, ओठ निळसर दिसणे, आणि इनहेलर घेऊनही आराम न पडणे. यांपैकी एकही खूण दिसली तर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत तक्त्याप्रमाणे पफ देत राहावे. येथे शिक्षकांना हेही सांगावे की घरघर अचानक थांबली पण मूल दमलेलेच आहे, तर ते सुधारणेचे लक्षण नव्हे. हवा आत-बाहेर होणेच फार कमी झाले असू शकते.

मूल स्वतः औषध घेऊ शकते, हे कशावरून ठरवायचे?

वयावरून नव्हे, तर प्रत्यक्ष पाहून. शाळेने विचारण्याआधी आठवडाभर घरी मुलाला न सांगता, न आठवण करता ते करू द्यावे आणि फक्त पाहावे. इन्सुलिनच्या पेनमध्ये नवी सुई लावणे, २ युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतो का ते पाहणे, आकडा नीट फिरवणे, टोचल्यावर दहापर्यंत मोजून सुई काढणे आणि सुई डब्यात टाकणे, यातली पायरी सुटते ती बहुधा दुसरी किंवा चौथी. दुसरी सुटली तर हवेच्या बुडबुड्यामुळे मात्रा कमी जाते. चौथी सुटली तर औषध त्वचेवर ओघळते. दोन्ही वेळा मूल ‘मी घेतले’ असे खरेच सांगते आणि साखर तरीही चढते. इनहेलरच्या बाबतीत घाईने, झटक्यात श्वास घेणे ही नेहमीची चूक आहे. पफसोबत श्वास सावकाश आत घ्यायचा आणि शक्य असेल तर दहा सेकंद रोखायचा असतो. ते जमत नसेल तर स्पेसर शाळेत यायलाच हवा, तो अवजड वाटला तरी.

मूल अजून एवढे तयार नसेल, तर खोटे आश्वासन देऊ नये. ‘जवळ ठेवणे’ आणि ‘वापरणे’ वेगळे मागण्याचा उपयोग येथे होतो. लहान मुलाजवळ ग्लुकोज आणि मीटर असू द्यावे, आणि सुट्टीतील इन्सुलिन पालकांनी येऊन किंवा प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढाने द्यावे, असे लिहिता येते. मधला टप्पाही असतो : मूल आकडा फिरवते, शिक्षक पेनच्या खिडकीतील आकडा तक्त्याशी ताडून पाहतात, मग मूल टोचते. आमच्याकडे तिसरीपासून पाचवीपर्यंत असेच चालले.

दुसऱ्या मुलाने औषध वापरले तर काय, असे शाळेने विचारल्यास काय सांगावे?

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर पत्रासोबतच्या भेटीत प्रामाणिकपणे द्यावे. साल्ब्युटामॉलचा एखादा पफ दुसऱ्या मुलाने घेतला, तर थोडा वेळ हात थरथरणे किंवा छातीत धडधडणे याखेरीज सहसा काही होत नाही. इन्सुलिनचे तसे नाही. मधुमेह नसलेल्या मुलाला ते टोचले गेले, तर त्याची साखर धोकादायक रीतीने उतरू शकते; त्याला ताबडतोब गोड काही देऊन विलंब न करता रुग्णालयात न्यावे लागते. म्हणून पेनला सुई लावून ठेवायची नाही, सुया वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या, पाकीट चेन बंद करून मुलाच्या अंगावर किंवा त्याच्या नजरेसमोर ठेवायचे आणि वापरलेली सुई कडक, झाकणाच्या डब्यात टाकायची, हे नियम आपण मुलाला लावलेले आहेत असे सांगावे. सुईशिवाय पेनमधून औषध टोचता येत नाही, ही साधी गोष्ट प्रत्यक्ष दाखवली की शिक्षकांचा ताण बराच कमी होतो.

सेन्सर मोबाइलवर साखर दाखवतो. शाळेत मोबाइलला बंदी आहे.

त्यासाठी वेगळे वाक्य लिहावे : हा फोन वैद्यकीय उपकरणाचा पडदा म्हणून वापरला जाईल, इशाऱ्यांचे आवाज वगळता तो शांत राहील आणि अन्य कामासाठी वापरल्यास शाळेने नियमानुसार कारवाई करावी. शाळेला तरीही ते मान्य नसेल, तर सेन्सरसोबत स्वतंत्र रीडर मिळतो का, हे डॉक्टरांना विचारावे. सेन्सर असला तरी दप्तरात मीटर आणि पट्ट्या असाव्यात, कारण साखर वेगाने उतरत असताना सेन्सरचा आकडा काही मिनिटे मागे असतो.

दप्तर उन्हात राहिले तर औषध खराब होते का?

होऊ शकते. वापरात असलेले बहुतेक इन्सुलिन ३० अंश सेल्सिअसच्या खाली साधारण चार आठवडे टिकते; नेमकी मुदत माहितीपत्रकात पाहावी. उन्हात राहिलेले किंवा गोठलेले इन्सुलिन दिसायला तसेच असू शकते, पण काम करत नाही. कारण नसताना सलग दोन-तीन वेळा साखर चढलेली आढळली, तर आधी पेन बदलून पाहावे. इनहेलरचा डबा दाबाखाली भरलेला असतो, म्हणून तोही उन्हात ठेवू नये. मैदानावर जाताना दप्तरे उन्हात रचून ठेवण्याची पद्धत असेल, तर पाकीट क्रीडाशिक्षकांच्या हाती किंवा सावलीत राहील अशी विनंती पत्रात एका ओळीत करावी.

शाळेने नकार दिला तर?

नकार लेखी मागावा, पण वाद घालण्यासाठी नव्हे. लेखी उत्तर द्यायचे ठरले की शाळेला नेमकी भीती कशाची आहे, हे लिहावे लागते, आणि ती भीती जवळजवळ नेहमी एका विशिष्ट वस्तूविषयी असते : सुया, मोबाइल किंवा जबाबदारी. सुयांची असेल तर डबा दाखवता येतो. जबाबदारीची असेल तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात ‘विद्यार्थी स्वतः औषध घेण्यास सक्षम आहे’ हे वाक्य घालून घेता येते. मुख्याध्यापकांना एकट्याने निर्णय घेणे अवघड वाटत असेल, तर पत्राची प्रत शाळेच्या व्यवस्थापनाला पाठवावी आणि तसे पत्रावर नमूद करावे. दरम्यानच्या काळात ग्लुकोज किंवा आराम देणारा इनहेलर मुलाजवळ असण्याबाबत मात्र एक दिवसही तडजोड करू नये. निर्णय होईपर्यंत एवढी तात्पुरती परवानगी त्याच दिवशी मागावी.

पत्र केव्हा नवे द्यावे?

दर वर्षी शाळा सुरू होताना, वर्गशिक्षक किंवा मुख्याध्यापक बदलल्यावर, आणि उपचाराची पद्धत बदलल्यावर, उदाहरणार्थ पेनऐवजी पंप आल्यावर किंवा इनहेलरचा प्रकार बदलल्यावर. परीक्षेच्या आठवडाभर आधी मूळ पत्राची प्रत पर्यवेक्षकांसाठी पुन्हा द्यावी, आणि त्यात साखर कमी झाल्यास उपचारात गेलेला वेळ भरून मिळावा, ही विनंती जोडावी. त्याच वेळी कार्यालयातील दुसरा संच मागवून पाहावा : इनहेलरच्या मोजणीत किती पफ शिल्लक आहेत, इन्सुलिनची मुदत काय आहे, ते थंड जागेत आहे का आणि ग्लुकोजच्या गोळ्या कोणी आवरताना हलवल्या तर नाहीत. माझ्या मुलीच्या संचातील गोळ्या एकदा मुदत संपून सात महिने झाल्यावर मला सापडल्या, तेव्हापासून मी प्रत्येक सत्राच्या पहिल्या दिवशी स्वतः जाऊन तो डबा उघडते.